जन्माआधीच मेलेला राजा: तिसऱ्या रिचर्डच्या बरगडीचं वय कसं काढलं

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २ ऑक्टोबर १४५२ ला जन्मला आणि २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. या दोन्ही तारखांबद्दल इतिहासकारांत वाद नाही. २०१२ मध्ये लेस्टर शहरात त्याचा म्हणून जो सांगाडा सापडला, त्याच्या बरगडीचे तुकडे कार्बन-१४ चाचणीसाठी ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत गेले. तिथून आलेलं उत्तर होतं १४१२ ते १४४९, तेही ९५ टक्के खात्रीनं. म्हणजे हा माणूस रिचर्डच असेल, तर तो जन्मण्याच्या किमान तीन वर्षं आधी मेला होता.

कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन जिवंतपणी अन्नातून शरीरात येत राहतो आणि मेल्यावर ठरलेल्या वेगाने घटत जातो. त्यावर लिहिताना लोक सहसा अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, सांगतात, एक आलेख काढतात आणि थांबतात. मला हे प्रकरण आवडतं ते उत्तर चुकलं म्हणून. ते का चुकलं हे शोधताना या पद्धतीत नेमकं काय मोजतात ते उघड होतं.

आधी जागेची गोष्ट. लढाईनंतर रिचर्डचं प्रेत लेस्टरला आणून ग्रेफ्रायर्स नावाच्या फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये पुरलं, असं जुन्या नोंदी सांगत होत्या. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, इमारती पाडल्या गेल्या आणि पाचशे वर्षांत त्या जागेवर नगरपालिकेच्या कचेरीचं वाहनतळ आलं. ऑगस्ट २०१२ च्या शेवटी लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथलं डांबर कापलं आणि पहिल्याच दिवशी पायाची हाडं दिसली. पुढे पूर्ण सांगाडा मोकळा केला तेव्हा पाठीचा कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकलेला दिसला. कवटीवर शस्त्रांच्या जखमा होत्या. खड्डा माणसाच्या उंचीपेक्षा आखूड खणलेला, त्यामुळे डोकं एका कडेला टेकून उचललेलं राहिलं होतं. शवपेटीचा मागमूस नव्हता. पावलं गायब होती. मधल्या काळात कुणीतरी तिथे खोदताना ती तुटून गेली असावीत.

वाकडा कणा आणि जखमा यांमुळे सगळ्यांचे डोळे चमकले, पण मठ तीनशे वर्षं चालू होता. त्या चर्चमध्ये तेराव्या शतकातला एखादा जखमी सरदारही पुरलेला असू शकतो. डीएनएचं काम सुरू व्हायला वेळ लागणार होता. त्याआधी एवढं तरी कळायला हवं होतं, की हा माणूस साधारण पंधराव्या शतकाच्या शेवटी मेला की त्याच्या कितीतरी आधी. नाहीतर पुढच्या खर्चात अर्थच नव्हता.

म्हणून बरगडीच्या हाडाचे चार नमुने दोन प्रयोगशाळांना दिले. दोन स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडला, ग्लासगो विद्यापीठाशी जोडलेल्या केंद्रात, आणि दोन ऑक्सफर्डला. एकाच प्रयोगशाळेवर विसंबायचं नाही, ही या क्षेत्रातली जुनी शिस्त आहे.

प्रयोगशाळेत हाड जसंच्या तसं मोजत नाहीत. हाडाचा मोठा भाग चुन्यासारखा खनिज असतो आणि जमिनीत पडलेलं असताना आजूबाजूच्या पाण्यातला कार्बन त्यात शिरतो. भरवशाचा भाग म्हणजे कोलॅजन, हाडातलं प्रथिन. ताज्या हाडात ते वजनाच्या साधारण पाचव्या हिस्स्याइतकं असतं. शतकानुशतकं पुरलेल्या हाडात बरंच कमी उरतं आणि एक टक्क्याच्या खाली गेलं तर बहुतेक प्रयोगशाळा नमुना परत करतात. हाडाची पूड सौम्य आम्लात ठेवली की खनिज विरघळून जातं आणि मागे मऊसर गाळ राहतो. तो कोमट आम्लपाण्यात तापवला की त्याचं जिलेटिन होतं. आपण पायाचं सूप उकळतो तेव्हा भांडं गार झाल्यावर जे थरथरतं, तेच हे. मग ते गाळतात, गोठवून वाळवतात आणि हातात येतो पांढरट, कापसासारखा हलका पदार्थ.

इथेच पहिली परीक्षा होते. शुद्ध कोलॅजनमध्ये कार्बन आणि नायट्रोजन यांच्या अणूंचं प्रमाण ठरलेलं असतं, ते २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं तर समजायचं की मातीतलं काहीतरी चिकटलंय किंवा प्रथिन सडलंय. संग्रहालयातल्या जुन्या हाडांचं इथे फार वेळा बिनसतं, कारण ती टिकावीत म्हणून कुणीतरी पूर्वी त्यांच्यावर डिंक किंवा सरस फासलेला असतो. लेस्टरचं हाड नुकतंच मातीतून आलेलं, त्यामुळे तो घोळ नव्हता.

त्यानंतर कोलॅजन जाळून कार्बन डायऑक्साइड करतात आणि लोखंडाच्या भुकटीवर त्याचं ग्रॅफाइट करतात. शेवटी मशीनमध्ये जातो तो साधारण एक मिलिग्रॅम काळा ठिपका. हवेतल्या कार्बनमध्ये दर एक लाख कोटी अणूंमागे जेमतेम एखादा अणू कार्बन-१४ चा असतो. तरी त्या ठिपक्यात असे सुमारे सहा कोटी अणू निघतात. विलर्ड लिबीने १९४९ च्या सुमारास शिकागोत ही पद्धत उभी केली तेव्हा तो फुटणाऱ्या अणूंचे टिकटिक आवाज मोजत असे, आणि त्यासाठी कित्येक ग्रॅम कार्बन लागायचा. एक मिलिग्रॅम कार्बनमध्ये तासा-सव्वातासाला एक अणू फुटतो. तेवढ्यावर राजाचं वय काढायचं तर आयुष्य जाईल. १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या अ‍ॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमीटरने वाट पाहणं सोडलं आणि उरलेले अणू थेट मोजायला सुरुवात केली. राजाच्या बरगडीतून नखाएवढा तुकडा घेऊन काम भागलं ते त्यामुळे.

मशीन एक अपूर्णांक देतं: आजच्या ठरवलेल्या प्रमाणाच्या तुलनेत नमुन्यात किती कार्बन-१४ उरलाय. त्याला F म्हणू. वय काढायचं सूत्र असं:

```
t = -8033 × ln(F)
```

यातला ८०३३ हा आकडा लिबीने धरलेल्या ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्यातून येतो. खरं अर्धायुष्य ५७३० च्या आसपास आहे हे पुढे कळलं, पण तोवर हजारो निकाल छापून झाले होते. म्हणून सगळ्यांनी मिळून जुनाच आकडा चालू ठेवला. पुढच्या पायरीत तो फरक आपोआप भरून निघतो. आणि हे वय मोजायचं ते १९५० पासून मागे, मग चाचणी कुठल्याही साली होवो.

हे आकडे रिचर्डचे नाहीत, पण अंदाज येण्यासाठी धरा की F ०.९५ आला. वय निघतं ४१२ वर्षं. आता त्यात एक टक्का आजचा, ताजा कार्बन मिसळला असं समजा. उत्तर फक्त चार वर्षांनी तरुण होतं. उलट एक टक्का मेलेला कार्बन मिसळला, म्हणजे पेट्रोलियमपासून बनलेल्या चिकटद्रव्यासारखा, ज्यात कार्बन-१४ अजिबात नाही, तर वय ८० वर्षांनी वाढतं. चार-पाचशे वर्षांच्या हाडाला ताज्या घाणीचं फारसं भय नाही, जुन्या कार्बनचं आहे. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

४१२ वर्षं १९५० मधून वजा केली तर आपण सोळाव्या शतकात पोचतो, आणि ते उत्तर चूक असेल. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण दरवर्षी सारखं नसतं. सूर्याची सक्रियता आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र यांप्रमाणे ते कमीजास्त होतं. मग कुठल्या साली हवेत ते किती होतं हे कळणार कसं? इथे हाडाच्या मदतीला लाकूड येतं.

झाडाचं खोड दरवर्षी बाहेरच्या बाजूने एक कडं वाढवतं. त्या कड्यातलं लाकूड एकदा बनलं की त्याचा हवेशी व्यवहार संपतो. झाड पुढे तीनशे वर्षं उभं राहिलं तरी १४८५ चं कडं १४८५ च्याच हवेचा हिशेब धरून बसतं. ओल्या वर्षी कडं जाड, कोरड्या वर्षी पातळ, असा त्यांचा नमुना जमतो. जिवंत झाडाच्या आतल्या कड्यांचा नमुना जुन्या घराच्या तुळईच्या बाहेरच्या कड्यांशी जुळवायचा, त्या तुळईचा त्याहून जुन्या, दलदलीत बुडालेल्या ओंडक्याशी. आयर्लंड आणि जर्मनीतल्या ओकांवर, आणि कॅलिफोर्नियातल्या हजारो वर्षं जगणाऱ्या ब्रिसलकोन पाइनवर असं काम करत ही साखळी आज बारा हजारांहून अधिक वर्षं मागे गेलेली आहे. प्रत्येक कड्याचं साल मोजून माहीत, आणि त्यातला कार्बन-१४ मशीनवर मोजलेला. या दोन्हींची जोडी लावली की जी वाकडीतिकडी रेघ मिळते ती कॅलिब्रेशन वक्ररेषा. मशीनचं वय या रेघेवर आडवं ठेवायचं आणि ती कुठे कुठे कापते ते पाहायचं. उत्तर एक साल कधीच नसतं, सालांचा पट्टा असतो. रेघ जिथे वळसा घेते तिथे तर दोन वेगळे पट्टे मिळतात.

लेस्टरचे चार नमुने या रेघेवर ठेवले. ऑक्सफर्डचे दोन १४१२ ते १४४९ वर पडले, स्कॉटलंडचे दोन १४३० ते १४६० च्या आसपास. चारही एकमेकांशी जमणारे. त्यामुळे मशीन बिघडलं किंवा नमुना घाण होता असं म्हणायची सोय राहिली नाही. चार घड्याळं एकच वेळ दाखवतात आणि ती वेळ निदान पंचवीस वर्षं मागे आहे. अशा वेळी घड्याळं उघडून बसण्यात अर्थ नसतो. ती कशावरून लावली होती हे विचारायचं.

लाकडाचं कडं थेट हवेतून कार्बन घेतं. माणूस जेवणातून घेतो. भाकरी, मटण, दूध यांतला कार्बन एक-दोन टप्प्यांत गवत-धान्यातून, म्हणजे हवेतूनच आलेला असतो, त्यामुळे लाकडाची रेघ चालते. समुद्रातल्या माशांचं तसं नाही. खोल समुद्राचं पाणी शतकानुशतकं हवेला न भेटता फिरत असतं आणि त्यातला कार्बन-१४ वाटेत झिजतो. ते पाणी वर येऊन मिसळतं म्हणून समुद्राच्या पृष्ठभागावरचा कार्बनही हवेच्या मानाने सरासरी ४०० वर्षांनी जुना दिसतो. काल जाळ्यात आलेला मासा कार्बन-१४ च्या हिशेबाने जन्मतःच चारशे वर्षांचा असतो. मालवणात रोज बांगडा खाणारा आणि साताऱ्यात पिठलं-भाकरी खाणारा असे दोघे एकाच दिवशी गेले, तरी त्यांच्या हाडांची कार्बन-वयं एक येणार नाहीत. वर पाहिलेला जुना कार्बन इथे डिंकातून आत न येता ताटातून येतो.

पंधराव्या शतकातला श्रीमंत इंग्रज भरपूर मासे खात असे. शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या लांबलचक उपासात मांस वर्ज्य, पण मासा चालायचा. गरिबाच्या वाट्याला खारवलेला हेरिंग, राजाच्या ताटात त्याहून बरंच काही.

इथे शंका घ्यायलाच हवी. उत्तर नको तसं आलं म्हणून माशांची पळवाट काढली, असं तर नाही? ही शंका मिटते ती त्याच कोलॅजनमधल्या दुसऱ्या मोजमापामुळे. कार्बनचा आणखी एक समस्थानिक, म्हणजे वेगळ्या वजनाचा अणू, आहे: कार्बन-१३. तो किरणोत्सारी नाही, झिजत नाही. युरोपसारख्या गहू-बार्लीच्या प्रदेशात जमिनीवरचं खाणाऱ्याच्या हाडात त्याचं प्रमाण एका ठिकाणी असतं, समुद्राचं खाणाऱ्याच्या हाडात वेगळ्या. नायट्रोजन-१५ अन्नसाखळीत एकेक पायरी वर जाताना वाढत जातो. माशाने मासा खाल्ला, त्याला माणसाने खाल्लं, की तो चांगलाच वर चढतो. ही दोन्ही मोजमापं नमुना तपासतानाच होतात, तारीख काय येणार हे कळायच्या आत. रिचर्डच्या बरगडीत दोन्ही चढलेली होती: भरपूर प्रथिनं, आणि त्यात समुद्राच्या अन्नाचा लक्षणीय वाटा.

गणित ढोबळ मानाने सोपं आहे. हाडातल्या कार्बनपैकी आठवा हिस्सा समुद्रातून आला असेल, तर ४०० चा आठवा भाग म्हणजे सुमारे ५० वर्षांनी हाड उगाच म्हातारं दिसणार. प्रत्यक्षात हवेची आणि समुद्राची अशा दोन वक्ररेषा त्या प्रमाणात मिसळून नवी रेघ बनवतात आणि वय तिच्यावर ठेवतात. तसं केल्यावर रिचर्डचा पट्टा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे सोळाव्यात सरकला.

पण त्या काळात रेघ एक वळण घेते. १५०० च्या अलीकडे-पलीकडे मेलेला आणि पुढच्या शतकाच्या शेवटी मेलेला, दोघांची कार्बन-वयं जवळपास एक येऊ शकतात. नुसत्या मशीनला यातून निवड करता येत नाही. इथे पुरातत्त्वज्ञाची माहिती गणितात घेतात: १५३८ ला मठ बंद झाला, त्यानंतर या चर्चच्या आत कुणाला पुरणं शक्य नव्हतं. ही मर्यादा धरून संभाव्यता नव्याने वाटली (याला बेझची पद्धत म्हणतात) तेव्हा उत्तर आलं १४७५ ते १५३०, ६९ टक्के संभाव्यतेनं. १४८५ त्यात आरामात बसतं.

६९ टक्के हा आकडा बातम्यांत फारसा कुणी उच्चारला नाही. तीनात जवळजवळ एक वेळा खरं साल त्या पट्ट्याच्या बाहेर असू शकतं, असा त्याचा अर्थ. माझ्या मते फेब्रुवारी २०१३ च्या त्या गाजलेल्या पत्रकार परिषदेत कार्बनच्या वाट्याला आलं त्यापेक्षा त्याचं खरं काम जास्त साधं होतं. त्याने हा रिचर्ड आहे असं सांगितलं नाही, तसं ते सांगूच शकत नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातला माणूस असण्याची शक्यता तेवढी खोडली आणि दार उघडं ठेवलं. ओळख पटवली ती कणा, जखमा, पुरण्याची जागा आणि रिचर्डच्या बहिणीच्या वंशातल्या लोकांशी जुळलेला आईकडचा डीएनए यांनी एकत्र मिळून.

पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, याच सांगाड्याचा आहार बारकाईनं तपासला तेव्हा गोष्टीला एक गमतीचं वळण लागलं. दात लहानपणी बनतात आणि मग बदलत नाहीत. मांडीचं हाड हळूहळू, दहाएक वर्षांची किंवा त्याहून लांब सरासरी धरून ठेवतं. बरगडी भराभर बदलते, तिच्यात शेवटच्या काही वर्षांचंच जेवण असतं. तीनही तपासले तर बरगडीत खाणं एकदम उंची झालेलं दिसलं: गोड्या पाण्यातले मासे, शिकार करून आणलेले रानपक्षी, आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून भरपूर वाइन. रिचर्ड १४८३ च्या जूनमध्ये गादीवर आला आणि जेमतेम सव्वीस महिने राजा होता. ते सव्वीस महिने बरगडीत उतरले होते. मेजवान्या झोडण्याने त्याच्या कार्बन-वयात भर पडली असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

याच तपासणीने दुरुस्तीची कमकुवत बाजूही दाखवली. समुद्राचा ४०० चा आकडा निदान बराचसा स्थिर आहे. गोड्या पाण्याचं तसं नाही. नदी चुनखडीच्या खडकातून वाहत असेल तर त्या खडकातला कोट्यवधी वर्षांचा मेलेला कार्बन पाण्यातून माशात येतो, आणि किती येतो ते नदीनदीला वेगळं. कार्बन-१३ वरून समुद्राचा मासा ओळखता येतो, गोड्या पाण्यातला तितक्या सहजी नाही. म्हणून माशांचा वाटा एका आकड्यात सांगणारा कुणी भेटला, तर त्याने पुढे अधिक-उणे काय लिहिलंय ते आधी पाहावं.

हा दोष एका राजापुरता नव्हता. इंग्लंडमध्येच रेप्टन इथे किमान २६४ माणसांच्या हाडांचा ढीग सापडला होता. सोबतची नाणी ८७२ ते ८७५ ची, म्हणजे नेमकी व्हायकिंग सैन्याने तिथे हिवाळा काढला त्या सुमाराची; पण काही हाडांच्या जुन्या कार्बन-तारखा त्याहून बऱ्याच आधीच्या, सातव्या-आठव्या शतकातल्या आल्या होत्या. त्यावरून तो ढीग वेगवेगळ्या काळातल्या मृतांचा मानला जाऊ लागला. २०१८ मध्ये मासे हिशेबात धरून तारखा पुन्हा काढल्या आणि सगळी हाडं नवव्या शतकाच्या शेवटाशी जुळली.

लाकडाला हा आजार नाही, त्याला दुसरा आहे. लाकूड आपल्या कड्याचं साल सांगतं, झाड तोडल्याचं नाही. चारशे वर्षांच्या खोडाच्या गाभ्यातून तुकडा घेतला तर घर चारशे वर्षांनी जुनं ठरतं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केलेल्या सुरुवातीच्या मोजण्या दख्खनच्या जुन्या उत्खनन अहवालांत टीएफ या खुणेने दिसतात आणि त्यातला बराचसा माल कोळसा आहे. चुलीतल्या काटक्यांचा कोळसा असेल तर उत्तम, काटकी दोन-चार वर्षांचीच असते. जळालेल्या खांबाचा असेल तर तो कुठल्या कड्याचा हे आधी विचारावं लागतं. म्हणूनच जाणते लोक लाकडाच्या आधी जळालेलं धान्य शोधतात. दाणा एकाच हंगामाचा असतो.

रिचर्डला पहिल्या वेळी शवपेटी मिळाली नाही. मार्च २०१५ मध्ये लेस्टर कॅथेड्रलमध्ये त्याला पुन्हा पुरलं ते ओकच्या पेटीत, आणि ती बनवली त्याच्या बहिणीच्या वंशातल्या, ज्याचा डीएनए जुळला त्याच सुताराने. पाचशे वर्षांनी कुणी ती उघडून दोन्हींचे नमुने घेतले, तर बरगडी पंधराव्या शतकाचं काहीतरी सांगेल. पेटीचं उत्तर मात्र फळीच्या कुठल्या कड्यातून तुकडा काढला त्यावर ठरेल. १९५५ नंतर वाढलेल्या कड्यात अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेत टाकलेला जादा कार्बन-१४ असेल, आणि त्याचं वय शून्याच्याही खाली, उणे येईल. त्याच फळीच्या आतल्या कड्यातून घेतला, तर पेटी दफनाच्या कित्येक दशकं आधीची निघेल.